तिसऱ्या पानावर

‘घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, आणि तेवढ्यापायी विषुववृत्तावरचं ते जहाज आपली जागा शंभराहून जास्त किलोमीटरांनी चुकत होतं.’

हे वाक्य सहा पानी लेखाच्या तिसऱ्या पानावर आहे, असं धरू. लेखाचा विषय जुन्या काळी समुद्रात रेखांश कसा काढत, हा. वाक्यात अवघड शब्द एकच, विषुववृत्त, आणि तोही शाळेत झालेला. चौदा वर्षांची मुलगी ते अडखळल्याशिवाय वाचते. अर्थ विचारला तर सांगते, ‘घड्याळ मागे होतं म्हणून जहाज चुकलं.’ उत्तर बरोबर वाटतं. पण चार मिनिटांचा आणि शंभर किलोमीटरांचा संबंध काय, असं विचारलं की ती पुन्हा त्याच वाक्याकडे बघते. तिथे उत्तर नाही. उत्तर पहिल्या पानावर आहे: पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे: विषुववृत्तावर एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर.

लांबलचक वाचनात लक्ष तुटतं ते सहसा असं. मूल पुस्तक मिटून उठून जातं, तो प्रकार ठसठशीत दिसतो आणि घरात त्यावरून भांडणंही होतात. पण त्याहून जास्त वेळा मूल बसलेलंच असतं, डोळे ओळींवरून नीट सरकत असतात, पानं उलटत असतात, आणि पहिलं पान तिसऱ्या पानापर्यंत पोचलेलंच नसतं. छोट्या व्हिडिओंचा या गोष्टीशी काय संबंध असावा, आणि तो आहे की नाही हे एखाद्या मुलापुरतं कसं तपासावं, एवढाच या लेखाचा आवाका.

आधी एक आकडा निकालात काढू. ‘माणसाचं लक्ष आता आठ सेकंदच टिकतं, सोनेरी माशाहूनही कमी’ हे वाक्य अजूनही भाषणांतून फिरतं. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५मध्ये काढलेल्या एका जाहिरातविषयक अहवालातून ते पसरलं. तो आकडा त्यांच्या स्वतःच्या मोजणीतून आलेला नव्हता. उचललेला होता, आणि ज्यांनी शोध घेतला त्यांना त्यामागे कुठलंही धड संशोधन सापडलं नाही. मुळात लक्ष ही सेकंदांत मोजायची, घासून झिजणारी वस्तू नाही. जो मुलगा दहा मिनिटं धडा वाचू शकत नाही तोच दोन तास मोबाइलवर खेळ खेळतो, आणि त्या दोन तासांत त्याचं लक्ष अव्वल असतं. तेव्हा ‘लक्ष उरलंच नाही’ हे निदान चुकीचं. प्रश्न असा विचारावा लागतो की खेळात आणि रील बघताना जे काम दुसरं कोणीतरी करून देतं, ते वाचताना कोण करतं?

वाचताना एकाच वेळी तीन कामं चालू असतात. समोरच्या वाक्याचा अर्थ लावणं हे पहिलं. तो अर्थ मागच्या मजकुराला जोडणं हे दुसरं. आणि या वाक्यातलं काय जवळ ठेवायचं, काय सोडून द्यायचं हे ठरवणं तिसरं. वॉल्टर किंट्श आणि टॉइन व्हॅन डाइक यांनी १९७८मध्ये आकलनाची जी मांडणी केली तिचा गाभा हाच होता: कार्यकारी स्मृतीत एका वेळी थोडंच मावतं, म्हणून वाचक प्रत्येक टप्प्यावर मोजक्या गोष्टी निवडून पुढे नेतो आणि पुढचं वाक्य त्यांना जोडून पाहतो. जोडलं गेलं तर गाडी पुढे. नाही जोडलं गेलं तर मागे जाऊन शोधावं लागतं, किंवा स्वतःच्या मनाने दुवा भरावा लागतो. ‘दर चार मिनिटांना एक अंश’ ही गोष्ट पहिल्या पानावरून उचलून हातात धरून ठेवायची आहे, हे लेखात कुठेही ठळक टाइपात लिहिलेलं नसतं. ते वाचकानेच ठरवायचं असतं.

आता छोटा व्हिडिओ घ्या. तो २० सेकंदांचा असो की ४०, त्यात जे लागतं ते सगळं त्यातच असतं. पुढच्या व्हिडिओला मागचं काहीच लागत नाही. मागचं डोक्यात ठेवलं तर उलट अडचणच. कुठे बघायचं हे कॅमेरा आणि ठळक अक्षरं सांगतात, काय महत्त्वाचं हे संगीत सांगतं, आणि यानंतर काय हे फीड ठरवतं. तीन कामांपैकी दुसरं आणि तिसरं बनवणाऱ्याने आणि अल्गोरिदमने करून टाकलेलं असतं. बघणाऱ्याकडे एकच निर्णय उरतो: थांबायचं की पुढे जायचं.

माझ्या मते सवय लागते ती व्हिडिओ बघण्याची नाही, या निर्णयाची. साधा हिशोब करून बघा. एक व्हिडिओ सरासरी २० सेकंद पाहिला, तर अर्ध्या तासात ९० व्हिडिओ. म्हणजे ९० वेळा ‘हे नको, पुढचं’ असा निवाडा झाला आणि ९० वेळा तो अंगठ्याच्या एका हालचालीत अमलातही आला. काही वेळा पुढचं फारच मजेशीर निघालं, बऱ्याच वेळा नाही. बक्षीस नेमकं कितव्या खेपेला मिळेल हे माहीत नसलं की कृती सर्वांत चिवटपणे चालू राहते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांतून सविस्तर मांडलं होतं. इथे बटणाला चोच मारण्याऐवजी अंगठा आहे. त्यात भर म्हणजे पानाला शेवट नाही. पान संपलं की क्षणभर थांबून ‘आता पुरे का?’ असं मनात येण्याची जी जागा असते, तीच अखंड स्क्रोलने काढून टाकली.

मग ही मुलगी त्या लेखासमोर बसते. पहिल्याच परिच्छेदाच्या मध्यावर तोच प्रश्न आपोआप वर येतो: पुढे? पण इथे पुढे म्हणजे दुसरा परिच्छेद, जो त्याच विषयावर आहे आणि पहिला नीट वाचल्याशिवाय खुलणार नाही. अंगठ्याला काम नाही. हा खटका म्हणजे नुसता कंटाळा नव्हे. ‘सोडून जा’ ही सरावाने तयार झालेली सूचना आहे, जिचं इथे काहीच होऊ शकत नाही. काही मुलं अशा वेळी उठतात. शहाणी, आज्ञाधारक मुलं उठत नाहीत, ती डोळ्यांनी स्क्रोल करतात. पालकांना ती वाचताना दिसतात.

यातला एक धागा प्रयोगात पकडला गेला आहे. टोरोंटोच्या केटी टॅम आणि मायकेल इन्झ्लिक्ट यांनी २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना व्हिडिओ दिले: एका वेळी आवडेल तसे बदलत राहण्याची मुभा, दुसऱ्या वेळी एकच व्हिडिओ सलग. लोकांना वाटत होतं की बदलत राहिलं की कंटाळा कमी येईल. झालं उलट. उड्या मारत पाहणाऱ्यांना जास्त कंटाळा आला आणि पाहिलेलं कमी अर्थपूर्ण वाटलं. म्हणजे कंटाळ्यावरचा जो उपाय हाताला लागलेला आहे तोच कंटाळा वाढवतो, आणि वाढलेला कंटाळा पुन्हा त्याच उपायाकडे नेतो. प्रयोग व्हिडिओंवरचा आहे, वाचनावरचा नाही, आणि मोठ्या विद्यार्थ्यांवरचा आहे, किशोरांवरचा नाही. तरीही वाचायला बसण्याआधीची अर्धी घटका कशात गेली हे का पाहावं, याचं उत्तर त्यात आहे.

दुसरा प्रयोग आणखी जवळचा. २०२३मध्ये फ्रान्चेस्को किओसी आणि सहकाऱ्यांनी ६० जणांना एक काम दिलं, ज्यात ‘अमुक दिसलं की अमुक करायचं’ हे ध्यानात ठेवायचं होतं. मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. त्या सुट्टीत काहींनी नुसती विश्रांती घेतली, काहींनी ट्विटर पाहिलं, काहींनी यूट्यूब, काहींनी टिकटॉक. ठरवलेली गोष्ट विसरण्याचं प्रमाण वाढलं ते टिकटॉकच्या गटात. बाकीच्या गटांत तसा फरक पडला नाही. स्क्रीन सगळ्यांकडेच होती. फरक होता तो संदर्भ किती भराभर बदलतो याचा. ‘ही गोष्ट पुढे लागणार आहे’ असं ठरवून ती धरून ठेवणं, हेच तर आपल्या रेखांशाच्या लेखात पहिल्या पानावर करायचं होतं.

याहून मोठा दावा मी करणार नाही. किशोरांवरचे बहुतेक अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहण्या असतात. त्यांतून ‘जास्त व्हिडिओ आणि कमी लक्ष बरोबर आढळतात’ एवढंच कळतं. ज्याला वाचन आधीपासूनच जड जातं तो व्हिडिओंकडे जास्त वळत असेल, ही शक्यता तितकीच खरी आहे. लॉस एंजेलिसमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या २५८७ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिजिटल माध्यमांचा सततचा वापर आणि नंतर दिसणारी अवधानदोषाची लक्षणं यांत संबंध आढळला, पण तो माफक होता. शिवाय ती पाहणी २०१४ ते २०१६मधली, म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंचा पूर येण्याआधीची. म्हणून एखाद्या मुलाबाबत बोलायचं तर सरासऱ्या बाजूला ठेवून त्या मुलाचंच वाचन मोजलेलं बरं. त्याला काही यंत्र लागत नाही.

लागतं ते एवढं: मुलाने न वाचलेला सुमारे १८०० शब्दांचा माहितीपर लेख, कागदावर, सहा पानं, डावीकडे बोटभर समास. एक पेन्सिल. काट्याचं घड्याळ. फोन दुसऱ्या खोलीत, आणि तो कोणाच्या तरी ताब्यात, म्हणजे वाजला की काय ही शंका उरत नाही. गोष्ट नको, माहितीपर लेखच हवा, कारण गोष्टीत ‘पुढे काय झालं’ ही ओढ बरंचसं काम करून टाकते. कागदच का? २०१८मध्ये पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन स्क्रीनपेक्षा सरस निघालं, आणि हा फरक माहितीपर मजकुरात व वेळेचं बंधन असताना ठळक होता. स्क्रीनवर चाचणी घेतली तर आपण दोन गोष्टी एकत्र मोजून बसू.

मोजणीआधी एक मिनिट मोठ्याने वाचून घ्या, त्याच पातळीच्या दुसऱ्या मजकुरातलं. जोडाक्षरांवर अडखळणं, ओळ चुकणं, शब्दाचं टोक पाहून अंदाजाने बोलणं, असं दिसलं तर इथेच थांबा. अशा मुलाची शक्ती पहिल्याच कामात संपते, जोडणीसाठी काही उरतच नाही. त्याला वाचनाचा सराव हवा, कदाचित चष्मा हवा. रील बंद करून त्याचं वाचन सुधारणार नाही, आणि घरातलं अर्धं वैर या गल्लतीतून येतं.

मुलाला सांगायचं ते असं. मन दुसरीकडे गेलं हे लक्षात आलं की त्या ओळीसमोर समासात एक ठिपका दे. उठावंसं वाटलं, हात फोनकडे जायला निघाला, की फुली. ठिपका दिला की जिथून सुटलं तिथपासून पुन्हा वाच. प्रत्येक पान संपलं की खाली घड्याळातली वेळ टाक. ठिपके जास्त आले म्हणून कोणी रागावणार नाही, कमी आले म्हणून शाबासकी नाही. हे शेवटचं वाक्य नुसतं बोलून उपयोग नाही, तसं वागावं लागतं. पहिल्या दिवशी कोणी भुवई जरी उंचावली तरी दुसऱ्या दिवशी समास कोराच राहतो.

वाचून झाल्यावर लेख पालथा घालायचा आणि प्रत्येक पानाबद्दल एकेक वाक्य आठवून लिहायचं. मग तीन प्रश्न. एक, जसंच्या तसं मजकुरात असलेलं: पृथ्वी तासाला किती अंश फिरते? दोन, कारणाचं: समुद्रात लंबकाचं घड्याळ का चालेना? तीन, दोन पानं जोडल्याशिवाय सुटणारच नाही असं: जहाज बंदरातून पश्चिमेला गेलं आहे आणि बंदराची वेळ दाखवणारं त्यावरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं आहे, तर खलाशी स्वतःला बंदरापासून, खरे आहेत त्यापेक्षा जवळ समजतील की लांब? (जवळ. सूर्य डोक्यावर आला की खलाशी घड्याळात बंदराची वेळ बघतो. बंदरात खरोखर दोन वाजलेत, म्हणजे जहाज ३० अंश पश्चिमेला. मागे पडलेलं घड्याळ १ वाजून ५६ मिनिटं दाखवतं, म्हणून तो २९ अंश धरतो.) तिसरा प्रश्न तयार करायला मोठ्या माणसाला दहा मिनिटं लागतात, आणि खरी माहिती त्याच प्रश्नातून मिळते. शाळेतले ‘एका वाक्यात उत्तरे द्या’ छापाचे प्रश्न इथे निकामी आहेत, कारण ते नुसती नजर फिरवूनही सुटतात.

हे दोन तऱ्हांनी करायचं. एका दिवशी आधी अर्धा तास छोटे व्हिडिओ, रोज बघते तसेच. दुसऱ्या दिवशी आधीचा अर्धा तास चालणं, भांडी आवरणं, चित्रं काढणं, नुसतं लोळणं, काहीही. वेळ तीच, जेवणाशी अंतर तेच, झोप साधारण तेवढीच. लेख वेगळे पण सारख्याच जातीचे. एका जोडीवरून काहीच ठरत नाही. एखादा लेख सोपा निघतो, एखाद्या दिवशी डोकं दुखतं. चार जोड्या तरी हव्यात, आणि व्हिडिओचा दिवस कधी आधी, कधी नंतर.

आता ते समास वाचायचे. ठिपके किती यापेक्षा कुठे आहेत हे जास्त बोलतं.

समजा व्हिडिओच्या दिवशी पहिल्या पानावर सात ठिपके आणि तीन फुल्या आहेत, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यापासून एक-दोन. बिनव्हिडिओच्या दिवशी पहिल्यावर तीन, पुढे एक-एक. हा सुरुवातीचा अडथळा आहे. आधीच्या कामाचा अंश मनात रेंगाळतो आणि नव्या कामाची वाट अडवतो. सोफी लेरॉय यांनी २००९मध्ये कामाच्या ठिकाणच्या संदर्भात याचा अभ्यास केला आणि अपुरं सोडलेलं काम जास्त रेंगाळतं असं दाखवलं. फीड तर कधीच पुरं होत नाही. अशा मुलाची क्षमता शाबूत आहे, तिसऱ्या पानावर त्याची गाडी रुळावर येते. मात्र बहुतेक दिवशी ते तिसऱ्या पानापर्यंत टिकतच नाही, कारण पहिल्या पानावरची ओढाताण हेच वाचन असं त्याला वाटतं. याच्यासाठी फार काही करावं लागत नाही. व्हिडिओ आणि वाचन यांच्यामध्ये वीसेक मिनिटांचं काहीतरी मंद, हाताचं काम घातलं आणि पहिलं पान दोनदा वाचायचं असं आधीच ठरवून टाकलं, की पुष्कळ फरक पडतो. दोनदा वाचण्याची गंमत अशी की पहिल्या वेळी लक्ष उडालं तरी चालणार असतं, त्यामुळे ओढाताणीतला जीवच जातो.

ठिपके पहिल्या पानावर कमी आणि पुढे वाढत गेलेले असले, दोन्ही तऱ्हांच्या दिवशी, तर धागा सुटतो आहे. हे बहुतेक वेळा विषयाच्या अनोळखीपणामुळे होतं. रेखांश म्हणजे काय हेच धूसर असेल तर पानागणिक ओझं वाढत जाणारच. व्हिडिओंना दोष देण्याआधी दुसऱ्या विषयावरचा लेख देऊन पाहावा.

तिसरा नमुना सर्वांत फसवा: ठिपके जवळजवळ नाहीत, एकेका पानाला लागलेली वेळ चार मिनिटं, तीन, अडीच, दीड अशी घसरत गेलेली, आणि तिसरा प्रश्न चुकलेला. हे मूल म्हणतं, ‘माझं लक्ष होतं की.’ खोटं बोलत नाही. मन भटकलं आणि भटकल्याचं कळलंच नाही, ही वाचनातली नेहमीची अवस्था आहे. एरिक राइशल यांच्या गटाने २०१०मध्ये वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा असं दिसलं की निर्बुद्धपणे वाचताना डोळे ओळीवरून सरकतच राहतात, पण दुर्मीळ शब्दावर जास्त रेंगाळणं आणि सोप्या शब्दावर कमी थांबणं हा फरक पुसट होतो. डोळ्यांचं शब्दांशी देणंघेणं संपलेलं असतं. म्हणून बाहेरून पाहणाऱ्यालाही कळत नाही आणि आतल्यालाही कळत नाही. कळतं ते पानाखालच्या वेळेवरून आणि जोडणीच्या प्रश्नावरून.

याच नमुन्यावर जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, कारण इथे ‘लक्ष दे’ ही सूचना वाया जाते. लक्ष गेलं हे ज्याला कळत नाही त्याने ते परत कसं आणायचं? इथे वाचकाला मधून मधून स्वतःलाच पकडायची सवय लावावी लागते. दर पानाच्या शेवटी पेन्सिल खाली ठेवून, पानाकडे न बघता, एक वाक्य मनात म्हणायचं: या पानाने मागच्या पानात काय घातलं? ‘या पानात काय होतं’ असं विचारू नये. तसं विचारलं की शेवटचं वाक्य परत ऐकवलं जातं. ‘काय घातलं’ म्हटलं की मागचं पान हाताशी घ्यावंच लागतं, म्हणजे दुसरं काम बळेच घडतं. वाक्य आलं नाही तर पानाचा फक्त उत्तरार्ध परत वाचायचा, सगळं पान नाही. सगळं वाचायला लावलं की मूल तिसऱ्या खेपेपासून वाक्यं रचून ठोकून देऊ लागतं.

वाढवायचं ते पानांनी, मिनिटांनी नाही. पंचवीस मिनिटांचा गजर लावून बसण्याची पद्धत ऑफिसच्या कामाला ठीक असेल, पण वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत गजर हाच एक छोटा व्हिडिओ होऊन बसतो: अजून किती राहिले, हे पाहायला नजर घड्याळाकडे जाते, आणि गजर नेमका युक्तिवादाच्या मध्यावर वाजतो. एका बैठकीत आधी दोन पानं, ती जिथे मुद्दा संपतो तिथपर्यंत. जोडणीचा प्रश्न लागोपाठ तीन बैठकींत सुटला की तीन पानं. मध्येच उठावं लागलं तर उठण्याआधी समासात एक ओळ: ‘घड्याळ समुद्रात का बिघडतं ते सांगतोय, उपाय अजून आला नाही.’ ही ओळ लिहायला वीस सेकंद लागतात आणि परत येताना पाच मिनिटं वाचतात.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त बिघडतं बक्षिसाने. ‘चार पानं वाच, मग वीस मिनिटं रील’ हा सौदा पहिल्या आठवड्यात झकास चालतो. दुसऱ्या आठवड्यात पानाखालच्या वेळा आक्रसू लागतात, कारण वाचन आता टोलनाका झालेलं असतं आणि नाक्यावर कोणी रमत नाही. व्हिडिओ बघायचेच असतील तर त्यांची वेळ वाचनाशी न बांधता, दिवसाच्या दुसऱ्या टोकाला ठरवून द्यावी. दुसरं बिघडतं ते एकदम फोन काढून घेण्याने. पहिले काही दिवस चिडचिडीत जातात, त्या दिवसांतली मोजणी काहीच सांगत नाही, आणि पालक नेमके तेव्हाच ‘बघा, काही फरक नाही’ म्हणून नाद सोडतात. तिसरं म्हणजे अधोरेखन. हातात पेन्सिल दिली की काही मुलं निम्म्या ओळी रंगवतात. हात चालू राहतो, निवड होत नाही. पानाला जास्तीत जास्त दोन ओळी, आणि त्याही पान संपल्यावरच, एवढा नियम पुरतो.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी नाही तीही मुलं आहेत. लक्ष विखुरण्याची लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असतील आणि घरी, शाळेत, खेळात, सगळीकडे दिसत असतील, तर समासातले ठिपके मोजत बसू नये. तज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. रात्री उशिरापर्यंत फोन बघणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी झोप दुरुस्त करावी. अपुऱ्या झोपेचे ठिपके आणि रीलचे ठिपके समासात सारखेच दिसतात.

आता त्या रेखांशवाल्या मुलीकडे. तिचा नमुना पहिला आणि तिसरा यांची भेसळ आहे असं समजू: व्हिडिओच्या दिवशी पहिल्या पानावर ठिपक्यांची गर्दी, आणि चौथ्या पानापासून वेळ घसरलेली. तिच्यासाठी क्रम असा लागेल. पहिल्या आठवड्यात फक्त मधलं अंतर आणि पहिलं पान दोनदा. बाकी काही नाही, लांबी दोनच पानं. दुसऱ्या आठवड्यात पानाशेवटचं वाक्य. या आठवड्यात ठिपके वाढतील. ते वाढलेले पाहून घाबरायचं नाही. आधी जे भटकणं तिला कळतच नव्हतं ते आता कळू लागलं आहे आणि ती ते नोंदवते आहे. त्याच वेळी पानाखालच्या वेळा सपाट व्हायला लागल्या, म्हणजे तीन, तीन, सव्वातीन, तर दिशा बरोबर आहे. ठिपके वाढले आणि वेळाही घसरतच राहिल्या, तर लेख अवघड आहे. एक पायरी खाली यायचं. चार आठवड्यांनी पुन्हा सहा पानी लेख, पुन्हा दोन्ही तऱ्हांनी.

त्या वेळीही व्हिडिओच्या दिवशी पहिल्या पानावर तीन-चार ठिपके असतील. ते बहुधा राहतीलच, मोठ्या माणसांच्या समासातही निघतील. पाहायचं ते तिसऱ्या पानावर: चार मिनिटं आणि शंभर किलोमीटर या ओळीसमोर ठिपका नाही, फुली नाही, नुसता पेन्सिलीने काढलेला एक छोटा बाण, मागच्या पानाकडे वळलेला.